नाही माझं मला म्हणू दे

मुंबईच्या लोकलमधल्या बायकांच्या ग्रुपचा फॉर्म भरावा लागत नाही. रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार धरलंत की सुरुवातीला जुन्या बायका तुमच्याकडे संशयाने बघतात. काही दिवसांनी ‘तुम्ही कुठे उतरता?’ असं विचारतात. ही ओळख वाढवण्याची इच्छा नसते, तुमच्या सीटवर लावलेला नंबर असतो. आणि मग एका सकाळी कुणीतरी जरा आत सरकून तुम्हाला फोर्थ सीट देतं. तिघींच्या बाकावर चौथीने एका मांडीपुरतं टेकायचं आणि दुसरा पाय वाटेत रोवून उरलेला देह स्वतःच्या हिमतीवर पेलायचा, याला फोर्थ सीट म्हणतात. ती मिळाली की समजायचं, आपण ग्रुपमध्ये आलो.

नावं फार उशिरा कळतात. तोवर ऑफिसवरून काम भागतं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या आमच्या ८:१४ च्या फास्टला एक बँकवाली होती, एक कोर्ट होतं, एक दवाखाना होता, एक शाळा होती आणि शाळेच्या शेजारी बसणारी, कुठे नोकरी करते हे कुणालाच न कळलेली एक ‘मॅडम’ होती. मी फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब बघायचे म्हणून मला ‘अकाउंट’ म्हणत. डब्यात ‘अकाउंट आलं का?’ अशी हाक उठली की नवीन बायका पर्स घट्ट धरत.

या ग्रुपमध्ये शिरताना फॉर्म नसतो, तसा बाहेर पडतानाही नसतो. आमचं ऑफिस फोर्टातून ऐरोलीला गेलं. आता मला ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर धरायची, आणि तीही निवांत साडेनऊनंतर. सकाळच्या फास्ट गाडीत ठाण्याला उतरणाऱ्या बाईविषयी डब्याचं काय मत असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा भायखळ्याला उतरणाऱ्या बायकांना ढकलत ठाण्याच्या दारापर्यंत पोचून दाखवावं. तेव्हा मी मुकाट्याने स्लो गाडीला लागले. निरोपाच्या दिवशी कोर्टाने केक आणला, दवाखान्याने डोळे पुसले, सगळ्यांनी ‘ग्रुप आहेच की!’ असं म्हटलं. ग्रुप म्हणजे फोनमधला. त्यात रोज सूर्योदय, एकादशीच्या शुभेच्छा, हरवलेल्या मुलाचं वर्षानुवर्षं फिरणारं आवाहन आणि ‘८:१४ आज किती लेट?’ एवढंच यायचं.

जुलैतल्या एका शनिवारी मी घरी गव्हाला बोरिक पावडर चोळत बसले होते. मध्येच फोन बघितला, तर बँकवालीच्या स्टेटसवर माथेरान. शार्लोट लेक ओसंडून वाहतोय, मागे धुकं, आणि पुढे माझा अख्खा डबा उभा. कोर्ट, दवाखाना, शाळा, मॅडम. सगळ्यांच्या अंगात जांभळे रेनकोट.

माथेरान एकवेळ मी पचवलं असतं. रेनकोट पचला नाही. कारण चार बायका अचानक माथेरानला जाऊ शकतात, पण चार बायका अचानक एकाच रंगाचे रेनकोट घालू शकत नाहीत. एक रंग म्हणजे चर्चा. चर्चा म्हणजे मतभेद, मतभेद म्हणजे ‘मला जांभळा सूट होत नाही’, त्यावर समजूत, मग माप, मग पैसे गोळा करणं. म्हणजे हे प्रकरण आठवडाभर तरी शिजत होतं, आणि मला वाफसुद्धा लागली नव्हती. मी ग्रुप उघडून वर वर सरकवत गेले. माथेरानचा ‘मा’ नाही. सूर्योदय, एकादशी, हरवलेला मुलगा. म्हणजे माझ्याशिवायचा एक वेगळा ग्रुप असणार! त्याला ‘माथेरान गँग’ असं नाव असणार, आणि ते मॅडमने ठेवलं असणार, कारण तिला इंग्रजी शब्दांची हौस. गव्हाचा डबा भरून होईस्तोवर माझ्या मनात त्या ग्रुपचा डीपीसुद्धा ठरला होता.

अशा वेळी आपण फारच हळवे आहोत की काय अशी शंका येते. तिचं उत्तर किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने देऊन ठेवलं आहे. हा गृहस्थ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. ती चकती याच्यापाशी येऊन पडली, याने परत फेकली, त्यांनी पुन्हा याच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग त्या दोघांनी काही न बोलता याच्याकडे टाकणं बंद केलं. विल्यम्सला चांगलंच लागलं. दोन मिनिटांपूर्वी ज्यांना ओळखत नव्हतो त्यांच्याबद्दल! दुसरा कुणी कुत्र्याला घेऊन घरी गेला असता, याने त्यातून प्रयोग काढला. संगणकावर तिघांनी चेंडू फेकायचा खेळ. त्यात दोघं ठरवून तिसऱ्याला चेंडू देईनासे होतात. तिसरा काही मिनिटांतच उदास. पुढे २००४ मधल्या एका प्रयोगात काही जणांना आधीच सांगून टाकलं की समोरचे दोघे माणसं नाहीतच, तो नुसता संगणक आहे. तरी त्यांना वाईट वाटलं ते वाटलंच. यंत्राने चेंडू दिला नाही म्हणून जिथे माणूस हिरमुसतो, तिथे जिच्याबरोबर वर्षानुवर्षं फोर्थ सीटवर एकेक मांडी वाटून घेतली तिने माथेरानला नेलं नाही, तर गहू तसाच टाकून बसण्याचा मला पूर्ण अधिकार होता.

वाईट वाटणं मात्र फार सोपं असतं. ते सांगायचं कसं, इथे आपली भाषा एकदम श्रीमंत होते आणि एकही उपयोगाची गोष्ट हाती देत नाही. आपल्याकडे असं दुःख सांगायची परंपरागत साधनं पुष्कळ आहेत. पहिलं म्हणजे टोमणा. फोटोखाली ‘मजा आहे बाई एकेकीची!’ असं लिहायचं. टोमण्याची सोय अशी की लागला तर लागला, आणि समोरच्याने विचारलंच तर ‘गंमत केली हो’ म्हणून परत खिशात घालता येतो. गैरसोयही तीच. बँकवालीने त्याखाली हसरे चेहरे टाकले असते आणि ‘तू पण यायला हवं होतंस!’ असं लिहिलं असतं. मग मी काय करणार होते?

दुसरं साधन अबोला. हा एकेकाळी फार प्रभावी होता, पण त्याला समोरासमोर असावं लागतं. एका घरात, एका बाकावर, निदान एका जिन्यावर. मी ऐरोलीला बसून ८:१४ च्या डब्याशी अबोला धरला, तर डब्याला ते कळणार कसं? मी आधीपासूनच तिथे नव्हते. काही दिवस मी सूर्योदयाला हात जोडले नाहीत. कुणाचा सूर्य अडला नाही.

तिसरं म्हणजे ग्रुप सोडून जाणं. पूर्वी यात काहीतरी थाट होता. सगळ्यांच्या पडद्यावर तुमचं नाव आणि तुम्ही बाहेर पडल्याची ओळ उमटायची; मागोमाग ‘काय झालं?’, ‘कुणी काही बोललं का?’ असा कल्लोळ. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपने तीही सोय काढून घेतली. आता माणूस गुपचूप बाहेर पडतो आणि ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं. आमची अ‍ॅडमिन कोर्ट. ती दिवसभर तारखांत असते. तिच्या लक्षात यायला दिवाळी उजाडली असती.

घरच्यांनी आपापल्या परीने मदत केली. सासूबाई म्हणाल्या, “चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलवायचं नाही एकीलाही. डाळ-पन्हं काही फुकट येत नाही.” चैत्र आठ महिने लांब होता, पण त्यांच्या पिढीला घाई नसते. आमचे हे सरकारी नोकरीत. त्यांनी माझ्याकडून फोन घेतला, चष्मा लावला आणि मजकूर तयार करून दिला: ‘विषय: माथेरान सहलीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर सहलीची पूर्वसूचना अधोस्वाक्षरीकर्तीस प्राप्त झालेली नाही. तरी याबाबतचा खुलासा उलटटपाली सादर करावा.’ वाचून मला हसू आलं, पण मग लक्षात आलं की माझ्या मनातला मजकूर याहून फार वेगळा नव्हता. मलाही खुलासाच हवा होता. फरक एवढाच की मी त्याला रडका चेहरा जोडणार होते.

मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, “आई, सरळ सांग ना. तुला काय वाटलं ते बोल.” मी सरळ लिहायला घेतलं: ‘मला असं वाटतं की तुम्हा सगळ्यांना मी आता नकोशी झाले आहे.’ ती म्हणाली, “हे तुला वाटलेलं नाहीये. त्यांना काय वाटतं याचा तू लावलेला अंदाज आहे.” मी पुन्हा लिहिलं: ‘मला वाटतं, तुम्ही मला मुद्दाम टाळलंत.’ “हा आरोप आहे. पुढे ‘मला वाटतं’ लावलंस म्हणून आरोप मऊ होत नाही.” मी म्हटलं, मग लिहू काय? ती म्हणाली, “तू काय पाहिलंस, आणि ते पाहून तुझं काय झालं, एवढंच. त्यांच्या डोक्यात शिरू नकोस.” हिशेबाच्या कामात मला हे रोज सांगावं लागतं: व्हाउचरवर जे आहे तेवढंच लिहा, पार्टीच्या मनात काय होतं ते लिहू नका. पण स्वतःच्या खात्यात एंट्री टाकायची वेळ आली की माणूस सगळे नियम विसरतो.

मग व्हाउचर काढून बघितलं. काय पाहिलं? फोटो. त्यावरून काय कळतं? त्या शनिवारी पाच जणी माथेरानला गेल्या आणि मी गेले नाही. मला कळवलं नव्हतं, हे खरं. बाकी सगळं, म्हणजे आठवडाभराची चर्चा, वेगळा ग्रुप, त्याचा डीपी, हे माझ्याच गिरणीतलं पीठ. ते बाजूला काढल्यावर सांगण्यासारखं फार थोडं उरलं आणि ते थोडं बोलायला जास्त जड होतं. ‘तुम्ही असं कसं केलंत?’ म्हणताना माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीवर असतो. ‘मला वाईट वाटलं’ म्हणताना तो पुन्हा फोर्थ सीटवर येतो. समोरची सरकली नाही तर खाली पडायचीच तयारी ठेवावी लागते.

आता कुणाला सांगायचं हा प्रश्न. ग्रुपवर नाही, हे ठरलं. ग्रुपवर ‘मला वाईट वाटलं’ असं लिहिलं की पाच जणी एकमेकींकडे बघत बसतात की आधी कोण उत्तर देतंय. मग एक जण हात जोडते, दुसरी ‘अगं असं काही नाही’ लिहिते, तिसरी नेमका त्याच वेळी सूर्योदय टाकते आणि विषय पूर्वेला जातो. ज्या दवाखान्याशी माझी सगळ्यात जवळीक, तिला सांगावं असंही वाटलं. पण दवाखाना कनवाळू आहे आणि कनवाळू माणसाला सांगितलं की ते आपल्यासाठी रडतं आणि मग बाकीच्यांना जाऊन सांगतं. आपलं म्हणणं पोचेपर्यंत त्यात तिचे अश्रू मिसळलेले असतात. बँकवाली तशी नाही. ती फटकळ आहे, पण गाडीत काही ठरतं ते तिच्या आवाजाने ठरतं. जिच्या हातात पुढच्या वेळी काही करणं आहे, तिलाच सांगावं, असा मी हिशेब केला. आणि तिच्याशी माझं पटत होतं, हेही खरंच.

वेळेचाही विचार केला. फोटो पाहिला त्या रात्री नाही. त्या रात्री माझं वाक्य ‘मला’ने सुरू झालं असतं आणि ‘तुम्ही नेहमीच’वर संपलं असतं. स्टेशनवर नाही, गाडी आली की डोंबिवलीची बाई भाऊ ओळखत नाही, तिथे मैत्रिणीचं दुःख काय ओळखणार. फोनवर नाही, फोनवरचा एक क्षणाचा सन्नाटा म्हणजे राग, पश्चात्ताप की नेटवर्क, ते कळत नाही. रविवारी संध्याकाळी ती फडके रोडला भाजीला येते. मीही गेले. अळू निवडता निवडता गाठ पडली. समोरासमोर बसून, चहाचे कप मध्ये ठेवून बोलण्यापेक्षा हे बरं. दोघींचे हात कामात असतात, डोळ्यांना डोळे भिडवायची सक्ती नसते आणि फारच अवघड झालं तर भाजीवाल्याशी घासाघीस करता येते.

“मला तुला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “भांडण नाहीये. पण सांगितलं नाही तर मी तुझ्याशी तुटक वागायला लागेन, आणि तुला कळणारही नाही का ते.”

तिने अळूची जुडी खाली ठेवली. “काय गं? बरी आहेस ना? रिपोर्ट-बिपोर्ट काही?”

आपल्या वयाच्या बाईने गंभीर चेहरा केला की लोक आधी रिपोर्टवर जातात. याचा एक फायदा झाला. रिपोर्ट नाही म्हटल्यावर ती इतकी सुटल्यासारखी झाली की पुढचं ऐकायला अर्धी तयार झाली.

“माथेरानचे फोटो बघितले. त्या शनिवारी मी घरीच होते. बघून मला वाईट वाटलं. मुद्दाम वगळलंत असं मी म्हणत नाहीये. कसं ठरलं तेच मला माहीत नाही. पण गाडी बदलली म्हणून मी तुमच्यातूनही उतरले, असं व्हायला नकोय मला.”

एवढं बोलून मी गप्प बसले. सगळ्यात कठीण काम हे. बोलून झाल्यावर जो रिकामा क्षण येतो, त्यात आपलं तोंड आपोआप चालू होतं. एक तर आपण सगळं मागे घेतो, ‘जाऊ दे गं, काही विशेष नाही’, किंवा पुरावे काढायला लागतो, ‘आणि मागच्या वेळी मॅडमच्या वाढदिवसालाही’. मी अळूची पानं मोजत राहिले.

“अगं, ते ठरलंच अचानक!” बँकवाली म्हणाली.

माझ्या जिभेवर ‘रेनकोट पण अचानक?’ आलं होतं. गिळलं. पहिलं उत्तर बचावाचंच असतं. त्याची उलटतपासणी घेतली की माणूस शेवटपर्यंत बचावातच राहतो. मी नुसतं “हं” म्हटलं.

“आणि तुझा शनिवार असतो ना! तूच सांगितलंयस किती वेळा. कर्जतच्या वेळी नाही म्हणालीस, हळदीकुंकवाला नाही म्हणालीस. कोर्ट म्हणाली, तिला विचारून उगाच कानकोंडं नको करायला.”

तर हे असं होतं. फोर्टात असताना माझा शनिवार भरायचा. ऐरोलीला शनिवारी सुट्टी. पण हे सांगायला मी ८:१४ मध्ये कुठे होते? त्यांच्या लेखी माझा शनिवार अजून फोर्टलाच कामाला जात होता. आणि नकारांचंही खरं होतं. चारदा ‘बघते, जमलं तर’ म्हणणाऱ्या बाईला पाचव्यांदा विचारायचं नाही, यामागे दुष्टावा नसतो, एक प्रकारचं सौजन्यच असतं. माणसं वगळली जातात ती बहुतेक वेळा अशा सौजन्यातून. कुणीतरी तुमच्या वतीने, तुमच्या सोयीसाठी, फार प्रेमाने ‘नाही’ म्हणून टाकतं.

“हो, तेव्हा नाही जमलं,” मी म्हटलं. “आता शनिवारी सुट्टी असते. मला एवढंच हवंय: गाडीत काही ठरायला लागलं की ग्रुपवर एक ओळ टाक. ठरल्यावर नको, ठरत असताना. नाही जमलं तर मी नाही म्हणेन. पण नाही माझं मला म्हणू दे.”

बँकवालीने थोडा वेळ काही म्हटलं नाही. भाजीवाल्याने तेवढ्यात दोन जुड्या परस्पर पिशवीत टाकल्या. मग ती एकदम हसायला लागली.

“तुला माहितीये, रेनकोट आधी आले. माथेरान नंतर.”

झालं होतं असं. गाडीत एक बाई रेनकोट विकायला आली. ज्यांनी तो डबा पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की तिथे कानातल्यांपासून मोसंबीपर्यंत काहीही मिळतं, आणि घासाघीस एकीने केली की खरेदी सगळ्या करतात. तिच्याकडे जांभळा सोडून रंगच उरला नव्हता. पाच घेतले तर भाव कमी, म्हणून पाच घेतले. घेतले आणि कुर्ल्यापर्यंत सगळ्या एकमेकींच्या अंगावर घालून बघत बसल्या. तेव्हा शाळा म्हणाली, आता हे घालून कुठेतरी जायला हवं. दादर येईपर्यंत माथेरान ठरलं. वेगळा ग्रुप नाही, त्याचा डीपी नाही. फोनवर एक अक्षर कुणी टाइप केलं नाही, कारण ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांच्या कोपरांनी एकमेकींच्या बरगड्या आधीच दाबलेल्या होत्या. रोज भेटणारी माणसं लिहीत नाहीत. आणि रोज न भेटणारं माणूस वाचण्याची वाट बघत बसतं.

मी केलेला अख्खा तपास, ‘एक रंग म्हणजे चर्चा’ वगैरे, एका फेरीवालीच्या संपलेल्या मालावर पडून फुटला. हे मी तिला सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे असं कुठे आहे?

पण बँकवालीचं बोलून झालं नव्हतं. पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, “एक सांगू? कोर्ट, शाळा नि मॅडम सीएसएमटीला उतरल्यावर रोज चहाला जातात. तिघीच. मी भायखळ्याला उतरते ना. मला त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की आज पुढपर्यंत ये.” आणि मग आवाज खाली आणून, “मी कुणाला बोलले नाही हं.”

मला आधी धक्का बसला आणि मग, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी ज्या वर्तुळाच्या बाहेर उभी राहून आत बघत होते, त्या वर्तुळाच्या मध्यभागी बसलेली बाई आणखी आतल्या वर्तुळाकडे बघत उभी होती. चौकशी केली असती तर चहाच्या टपरीवर मॅडमही कोर्ट आणि शाळेच्या कसल्यातरी गुपिताकडे बघत असलेली सापडली असती. मी तिला म्हटलं, “मग सांग की त्यांना.” ती म्हणाली, “वेडी आहेस का? असं कुणी सांगतं?”

सगळ्या प्रकरणाचा निकाल असाच लागतो असं मात्र नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी त्यांच्या भिशीच्या ग्रुपला असंच, अगदी नीट, एकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ती ‘हो हो, नक्की’ म्हणाली. त्यानंतर वहिनींना प्रत्येक कार्यक्रम कळायला लागला. पण आदल्या रात्री, जेवणाची ताटं सांगून झाल्यावर, ‘यायचं असेल तर ये’ अशा बेताने. ओळखायची खूण हीच. ठरायच्या आधी विचारलं, तर आपल्याला धरलंय. ठरल्यावर कळवलं, तर आपलं मन धरलंय. वहिनींनी खूण ओळखली आणि दोन महिन्यांत सोसायटीत नवी भिशी काढली. तिच्यात आता जुन्या भिशीतल्या एकीला घेतलेलं नाही, अशी कुणकुण आहे.

माझ्या बाबतीत बँकवालीने शब्द पाळला. जरा जास्तच पाळला. ती बँकेत असल्यामुळे सूचना मिळाली की ती अक्षरशः पाळते. दुसऱ्या दिवसापासून ८:१४ मधली प्रत्येक घडामोड ठरत असताना, म्हणजे ठाणे ते कुर्ला या दरम्यान, मला येऊ लागली. ‘जांभळं आली आहेत, घ्यायची का?’ मी ठाकुर्लीच्या बाजूला घरी कणीक मळतेय, जांभळं घाटकोपरला. ‘शाळेच्या भाचीला बघायला येणार आहेत. तुझं मत?’ ‘मॅडम म्हणतेय पंखा बंद करू. तुझं?’ पंख्यावर मी ‘नाही’ म्हटलं. इतका स्वच्छ, स्वतःचा, पूर्ण अधिकाराने दिलेला नकार मी पूर्वी कधी दिला नव्हता. पंखा बंद केला की नाही ते कळलं नाही.

श्रावणात त्यांनी पुन्हा एक बेत केला, सिनेमाचा. तो ठरत असताना मला विचारलं. नेमकी त्या शनिवारी नणंद येणार होती. मी ‘यावेळी नाही जमत, पुढच्या वेळी नक्की विचारा’ असं लिहिलं. फोटो आले, ते मी तीनदा बघितले, एकदाही गव्हाच्या डब्याची आठवण झाली नाही.

मग दसरा जवळ आला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी लोकलचे डबे सजवतात. दारांना झेंडूची तोरणं, आंब्याचे टहाळे, खिडक्यांना पताका, गाडीची पूजा, आरती, पेढे; आणि या सगळ्यात ज्या प्रवाशाला काहीच माहीत नसतं तोही आरतीला टाळ्या वाजवत दादरला उतरतो. आमच्या डब्याची फुलं गेली काही वर्षं दवाखाना आणायची. ग्रुपवर बँकवालीची ओळ आली: ‘दसऱ्याचं ठरतंय. ठरत असताना कळवतेय.’ मी खूश होऊन लिहिलं, ‘मी आहे!’

लगेच दुसरी ओळ. ‘छान. मग फुलं तुझ्याकडे. दवाखान्याची नाइट आहे. तू सकाळी उशिरा निघतेस ना, कल्याणच्या फूलबाजारात पहाटे चारला स्वस्त मिळतात. ओवून ८:१४ च्या आधी फलाटावर आणून दे.’

हे खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, “खुलासा मागवू का?” मी म्हटलं, तुम्ही गजर लावा. आणि ग्रुपवर विचारलं, झेंडू किती किलो, पिवळा की केशरी?

बराच वेळ पाच जणी लिहीत असल्याचं दिसत राहिलं. मग बँकवालीचं उत्तर आलं: ‘तू ठरव.’